बाबा गेल्यावर ७ वर्षांच्या मुलाला कसं सांभाळायचं?

"महिन्यापूर्वी मिस्टर हार्ट अटॅकने गेले. मुलगा दुसरीत आहे. 'बाबा गावाला गेलेत' असं सासूबाईंनी त्याला सांगितलंय. तो रडत नाही, खेळतो. शाळेत कधी पाठवू? डॉक्टरांना दाखवू का? (ठाणे)"

ताई, मी नवी मुंबईतल्या एका शाळेत समुपदेशक आहे.

आधी ते 'गावाला गेलेत' दुरुस्त करा. मूल वाट बघत बसतं, किंवा बाबा आपल्याला टाकून गेले असं धरून चालतं. 'झोपले' म्हटलं तर रात्री झोपायलाच घाबरतं. सरळ सांगा: "बाबांचं हृदय बंद पडलं. ते वारले. आता परत येणार नाहीत. आजीला तुला हे सांगवलं नाही." तो पुन्हापुन्हा विचारेल, दर वेळी तेच उत्तर द्या. आणि त्याने विचारलं नाही तरी म्हणा, "तू काही केलंस म्हणून हे झालं नाही." या वयात आपल्या हट्टामुळे, रागामुळे झालं असं मनात बसू शकतं, आणि मूल ते बोलून दाखवत नाही.

खेळतो त्याची चिंता नको. मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यांनी येतं: पाच मिनिटं रडतील, मग क्रिकेट. काही दिवस अंथरूण ओलं होणं, आईला चिकटणं हेही होतं.

शाळा लवकर सुरू करा, पण आधी वर्गशिक्षिकेला भेटा. वर्गाला काय सांगायचं ते मुलालाच विचारा. डायरीतली 'वडिलांची सही', 'माझे बाबा' हा निबंध, अशा गोष्टी बाईंना आधीच सांगून ठेवा.

आमच्याकडे एका मुलाचं रोज मधल्या सुट्टीच्या आधी पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. बोलताबोलता कळलं, 'आई पण मरेल' ही भीती होती. मग ठरवलं, रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसातून आईला दोन मिनिटांचा फोन. दुखणं थांबल्यावर फोन एक दिवसाआड केला, पुढे त्यानेच सोडला. हट्ट समजून त्याला रागावलो असतो तर दुखणं वाढलंच असतं. वर्गातून उठून जायचं झालं तर कोणाकडे जायचं, तेही त्याला ठरवून दिलं होतं; एकच माणूस, रोज शाळेत असणारा.

तज्ज्ञाकडे कधी? 'मला बाबांकडे जायचंय' हे बरीच मुलं आठवणीने म्हणतात. घाबरून गप्प करू नका, 'म्हणजे कसं जायचंय?' असं शांतपणे विचारा. मरण्याबद्दल बोलला, कसं मरायचं ते सांगितलं किंवा स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. बाकी, काही आठवडे झोप-जेवण बिघडलेलं, खेळणं पूर्ण बंद, शाळेला ठाम नकार, 'माझ्यामुळेच' हे डोक्यातून जातच नाही, यातलं काहीही दिसलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सहा महिन्यांनंतरही बाबांची ओढ तितकीच तीव्र असून रोजचं जगणं अडत असेल तरीही दाखवाच. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. तुम्हाला स्वतःसाठी बोलायचं असेल तरी चालतो.