नऊ साते त्रेसष्ट, आणि वहीत छत्तीस

"ताई, माझा मुलगा चौथीत आहे. दोन ते दहा पाढे रोज संध्याकाळी घडाघडा म्हणतो, कुठे अडखळत नाही. पण पेपरात तेच पाढे चुकतात, नवाचा तर सगळ्यात जास्त. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता लावला, त्याच्या बाबांनी बोटांची युक्ती शिकवली, तर चुका उलट वाढल्याच. बाई म्हणतात, लक्ष नाही. त्याला गणितात कायमचं काही कमी तर नाही ना?"

मी त्यांना म्हटलं, मुलाला घेऊन या, आणि चुकलेले पेपरही आणा. पालक बहुतेक वेळा गुण सांगतात, पण मला त्या गुणांचा काही उपयोग नसतो. मुलाने नेमकं काय लिहिलं ते पाहायचं असतं.

मुलाला आपण ओम म्हणू. तीन चाचण्यांचे कागद टेबलावर पसरले आणि पाढ्यांच्या चुकांवर पेन्सिलने गोल केले. ९ × ७ = ३६. ९ × ८ = २७. ९ × ३ = ७२. दुसऱ्या कागदावर ७ × ६ = ४९ आणि ८ × ७ = ५४. बाईंचं 'लक्ष नाही' मला तिथेच पटेनासं झालं. लक्ष नसलेलं मूल काहीही लिहितं, ३१ लिहील, ५० लिहील. ओमची नवाची सगळी चुकीची उत्तरं नवाच्याच पाढ्यातली होती, फक्त अंकांची अदलाबदल झालेली.

मी विचारलं, "नऊ साते?" त्याचे ओठ हलू लागले. टेबलाखाली बोटंही हलत असावीत. नऊ एके नऊपासून निघून तो साते येईपर्यंत थांबला नाही, आणि मग मोठ्याने म्हणाला, "त्रेसष्ट." बरोबर. "लिही बरं." त्याने आधी ३ काढला, शेजारी उजवीकडे ६ काढला आणि माझ्याकडे पाहिलं. कागदावर छत्तीस होते. आई पुढे झुकल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं.

आपण मराठीत संख्या म्हणताना एकक आधी उच्चारतो. 'त्रेसष्ट' म्हणजे आधी तीन, मग साठ. लिहिताना मात्र साठाचा सहा आधी येतो. मोठ्यांना हे उलटसुलट जाणवतही नाही, कारण आपण त्रेसष्ट हा शब्द फोडत नाही. दोन अंकी संख्या लिहिण्याची सवय पक्की न झालेलं मूल जसं ऐकतं तसं लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा त्यावर केवढी टीका आणि थट्टा झाली ते आठवत असेल. मला स्वतःला एकवीस, बावीस सोडायचे नाहीत. पण ती पद्धत ज्या अडचणीसाठी सुचवली गेली, ती अडचण ओमच्या कागदावर माझ्यासमोर होती.

आता ही अदलाबदल नवाच्याच पाढ्यात एवढी का? कारण नवाच्या पाढ्यात तिला लपायला जागा मिळते. १८ उलटा केला की ८१, २७ चा ७२, ३६ चा ६३, ४५ चा ५४, आणि हे सगळे नवाच्याच पाढ्यातले. चाराच्या पाढ्यातले २८ उलटे लिहिले तर ८२ होतात; ते चाराच्या पाढ्यात कुठेच नाहीत, म्हणून मुलाला निदान खटकतं तरी. नवाच्या पाढ्यात खटकतच नाही. त्यात बाबांनी पडताळा शिकवला होता, दोन्ही अंकांची बेरीज नऊ आली की उत्तर बरोबर. ओमने तो माझ्यासमोर केला, "तीन नि सहा नऊ," आणि समाधानाने पेन्सिल खाली ठेवली.

मग मी बोटांची युक्ती दाखवायला सांगितली. दोन्ही तळवे स्वतःकडे, डाव्या अंगठ्याला एक, तिथून मोजत उजव्या अंगठ्याला दहा. नऊ साते हवे तर सातवं बोट, म्हणजे उजव्या हाताची अनामिका दुमडायची. तिच्या डावीकडे सहा बोटं राहतात, उजवीकडे तीन, म्हणजे ६३. ओमने बोट बरोबर दुमडलं, पण बोटं वाचली उजवीकडून. "बाबा शिकवताना कुठे बसतात रे?" "समोर." मी त्याच्यासमोर बसून माझे हात दाखवले आणि काय दिसतं ते विचारलं. "आधी तीन, मग सहा." बाबा डावीकडून सहा वाचत होते, आणि समोरून पाहणाऱ्या मुलाला त्याच हातांवर छत्तीस दिसत होते. युक्ती चांगलीच आहे, फक्त ती शेजारी बसून, एकाच दिशेला तोंड करून शिकवायला हवी. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले आणि मग खो खो हसले.

भिंतीवरचा तक्ता मी आईंना काढायला सांगितला. दुकानात मिळणाऱ्या तक्त्यांवर प्रत्येक पाढा वेगळ्या रंगाच्या चौकटीत, वरून खाली छापलेला असतो. तो वाचायला बरा, पण त्यात एका पाढ्याचा दुसऱ्याशी असलेला संबंध दिसत नाही. आम्ही चौकटीच्या वहीच्या पानावर दहा बाय दहाची रिकामी जाळी आखली, वर एक ते दहा, डाव्या बाजूलाही एक ते दहा. ती ओमनेच भरायची, पण पाढा म्हणून नाही, उड्या मारत. दोनाच्या ओळीत दोन-दोनच्या उड्या, पाचाच्या ओळीत पाच-पाचच्या. पाचाच्या ओळीत शेवटी ५, ०, ५, ० येतंय हे त्याला स्वतःलाच दिसलं.

उड्यांमुळे ७ × ६ = ४९ चाही उलगडा झाला. त्याने एक उडी जास्त मारली होती. उत्तर शेजारच्या घरातलं असेल, ४२ ऐवजी ३५ किंवा ४९, तर मूल मोजताना एका उडीने चुकलंय असं समजावं. अशा मुलाने बोट जाळीवर ठेवून उड्या माराव्यात, पहिली उडी शून्यापासून, आणि उतरल्यावर वरच्या ओळीतला आकडा पाहावा. हवेत मोजताना पहिलीच उडी सुटते किंवा दोनदा मोजली जाते.

पुढच्या भेटीत अर्धी भरलेली जाळी घेऊन आम्ही ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी घडी घालून उजेडासमोर धरली. घडीवर १, ४, ९, १६ असे वर्ग आले, आणि ३ × ८ चं घर बरोबर ८ × ३ च्या घरावर बसलं. शंभर घरांतली पंचेचाळीस अशी फुकटात भरली. मग दुप्पट. दोनाची ओळ दुप्पट केली की चाराची, चाराची दुप्पट केली की आठाची, तिनाची दुप्पट केली की सहाची.

८ × ७ = ५४ ही चूक मात्र कानाची होती. चोपन्न आणि छप्पन्न. उच्चार इतके जवळचे की पाठ करणारी मुलं इथे हमखास घसरतात, आणि आणखी शंभर वेळा म्हणून घेतलं तर घसरगुंडी गुळगुळीतच होते. त्याला मी सातापासून दुप्पट करायला लावलं. सात, चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न. अठ्ठावीसची दुप्पट करताना त्याने ४१६ लिहिलं, दोनाची दुप्पट चार आणि आठाची सोळा शेजारी शेजारी. म्हणून आधी वीस आणि वीस चाळीस, मग आठ आणि आठ सोळा, मग दोन्हींची बेरीज, असं दोनदा करून घेतलं. ही पायरी कच्ची असेल तर दुपटीची युक्ती वापरू नका, आधी ती पक्की करा.

नवाची ओळ आम्ही सगळ्यात शेवटी भरली, आणि तीही दहाच्या ओळीवरून. सात दाहे सत्तर, त्यातून एक सात काढला की त्रेसष्ट. पुढच्या घरात जाताना दहा वाढवायचे आणि एक कमी करायचा, म्हणून दशकाचा अंक चढत जातो नि एककाचा उतरतो. ओमने दशकाचे अंक लाल आणि एककाचे निळे लिहिले, ०९ पासून ९० पर्यंत. लाल अंक शून्य ते नऊ चढले, निळे नऊ ते शून्य उतरले. पडताळा आता बेरजेचा नव्हता. लाल अंक गुणायच्या अंकापेक्षा एकाने लहान हवा. नऊ साते, म्हणजे लाल सहा. ३६ मध्ये तो तीन आहे, तेव्हा ते नऊ चोक. शिवाय सत्तरच्या जवळपासचं उत्तर हवं असताना छत्तीस कसे येतील, हे त्याने मला विचारलं, मी त्याला नाही.

४५ आणि ५४ मध्ये तो अजून गोंधळत होता, कारण दोन्ही पन्नासच्या आसपासचे. तिथे पाचाच्या ओळीचे शेवटचे अंक कामी आले. नऊ पाचे पाचाच्याही ओळीत आहे, म्हणून शेवटी ५ किंवा ०. नऊ सक सम हवा, म्हणून ५४. नवाचा हा लाल अंकाचा नियम दहापर्यंतच धरायचा, हेही सांगून ठेवलं. नऊ अकरे नव्व्याण्णवमध्ये तो मोडतो.

आईंच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. पाढे चुकतात एवढ्यावरून मी कुणालाही तपासणीला पाठवत नाही. दोन संख्यांतली मोठी कोणती हे चौथीतही ठरवता येत नसेल, सात वस्तू मोजताना गडबड होत असेल, ५ + ३ दर वेळी पहिल्यापासून बोटांवर करावं लागत असेल, आणि काही महिने नीट शिकवूनही हे बदलत नसेल, तर मात्र शिकण्यातल्या अडचणींची रीतसर तपासणी करून घ्यावी. ओमच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. फक्त त्याला त्रेसष्ट ऐकून आधी सहा लिहायची सवय हवी होती. घरी दहा मिनिटं एकच खेळ दिला: आईने संख्या म्हणायची, त्याने आधी लाल पेन्सिलने दशक लिहायचं, मगच निळ्याने एकक.

पाच आठवड्यांनी पुढच्या चाचणीचा कागद आला. नवाच्या पाढ्यात एक चूक होती, आणि तीही त्याने स्वतःच खोडून वर ७२ लिहिले होते. आठ साते अजून पटकन येत नाही. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसतं: १४, २८, ५६.