तयार माल पुरवठादाराच्या गोडाऊनमध्ये थांबवताना

प्रश्न: आमचं गोडाऊन फुल्ल आहे. पुरवठादाराकडे आमचे ८,००० छापील बॉक्स तयार आहेत. महिनाभर तुमच्याकडेच ठेवा असं त्याला कसं सांगू? तो म्हणतो, मग बिल आत्ताच काढतो.

बिल काढू देऊ नका, पैसे मात्र द्या. मी चाकणला खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत खरेदी बघतो आणि हे मला एका पावसाळ्यानं शिकवलं.

तेव्हा आमच्याकडेही जागा नव्हती. पुरवठादारानं जुलैअखेर पूर्ण ऑर्डरचं बिल काढलं, माल त्याच्या शेडमध्येच राहिला. ऑगस्टच्या शेवटी उचलायला गेलो तर खालच्या दोन थरांतले गठ्ठे मऊ पडले होते. बॉक्सच्या भिंतीवर अंगठा दाबला की आतली नागमोडी घडी बसून जायची आणि परत वर यायची नाही. असा बॉक्स भरून चार थर चढवले की खालचा चेपतोच. पुरवठादाराचं म्हणणं एकच, "बिल झालं, माल तुमचा." आणि त्यात तथ्य होतं. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २६ नुसार साधारणपणे मालकी ज्याची, जोखीम त्याची. वेगळं ठरलं असेल तरच ते बदलतं. शिवाय डिलिव्हरी ज्याच्या चुकीमुळे लांबते, त्या उशिरामुळे झालेलं नुकसान त्याच्याच माथी येतं. सांभाळायला दिलेल्या मालाची काळजी घेणं ही विक्रेत्याची जबाबदारी उरतेच, पण आम्ही काहीच लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे भांडायला हातात कागद नव्हता. शेवटी नुकसान निम्मं निम्मं वाटून घेतलं.

दुसरी अडचण जीएसटीची. माल मिळाल्याशिवाय इनपुट क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे आज बिल निघालं तर कराची रक्कम तुम्ही मोजाल आणि क्रेडिट मात्र माल गेटमधून आत आल्यावरच घ्याल. माल हप्त्यांत येणार असेल तर शेवटचा हप्ता मिळाल्यावर.

आता पुरवठादाराच्या बाजूनं बघा. त्याला बिलाची हौस नसते. कागद, शाई, मजुरी यांत त्याचा पैसा अडकलेला असतो आणि छापील बॉक्स दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून त्याला धास्ती असते की तुम्ही मागे फिराल. ती धास्ती ॲडव्हान्सनं जाते. नोव्हेंबर २०१७ पासून मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी लागत नाही, तो बिल निघेल तेव्हाच लागतो. समजा बॉक्स २८ रुपयांचा आहे. ८,००० बॉक्सचे २,२४,००० होतात. त्यातले ६० टक्के, म्हणजे १,३४,४०० आज दिलेत की त्याचा कच्चा माल बहुतेक सुटतो. मग दर शनिवारी २,००० बॉक्स उचला, त्या दिवशी तेवढ्याचंच बिल, आणि ॲडव्हान्स चार हप्त्यांत ३३,६०० प्रमाणे वळता करा.

फोनवर बोला, पण त्यानंतर मेल कराच. मी असा लिहितो:

"शेठ, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे ८,००० बॉक्स आमच्या विनंतीवरून तुमच्या गोडाऊनमध्ये राहतील. आम्ही दर शनिवारी २,००० उचलू, शेवटचा हप्ता चौथ्या शनिवारी. बिल उचलीच्या दिवशी निघेल, तोपर्यंत माल आणि जोखीम तुमची. माल पॅलेटवर, भिंतीपासून दूर आणि झाकून ठेवावा. चौथ्या शनिवारनंतर उरलेल्या मालावर बॉक्समागे आठवड्याला १० पैसे भाडं देऊ. मान्य असल्यास 'मान्य' असं उत्तर द्या."

यातलं भाड्याचं वाक्य गाळू नका. रक्कम किरकोळ असते, पण तारीख उलटली तर काय, हे आधीच ठरलेलं असतं. तारीख नसलेली विनंती पुरवठादाराला कधीच पटत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. "जागा झाली की उचलतो" हे त्यानं दहा जणांकडून ऐकलेलं असतं.

विम्याचंही विचारून घ्या. बिल निघालेलं नसलं तर माल त्याचाच, त्याच्या साठ्याच्या पॉलिसीत बसतो. फक्त विम्याची रक्कम वाढलेल्या साठ्याला पुरते का, ते त्यानं बघायला हवं. बिल काढून ठेवलेला माल मात्र त्याच्या दृष्टीनं परक्याचा. इतरांचा सांभाळायला ठेवलेला माल पॉलिसीत लिहिलेला नसेल तर आग लागल्यावर दावा अडू शकतो.

त्याला बिल काढल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर पुढची उचल होणार तेवढ्याच २,००० चं काढू द्या, आणि ते गठ्ठे तुमच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळे ठेवायला सांगा. पहिल्या उचलीला स्वतः जा आणि वरचा नव्हे, तळातला गठ्ठा सोडून बघा.