बुधवारच्या फोनआधी

प्रिय मुली,

रविवारी तू चहा तसाच ठेवून मोबाइलवर लिहिलेले जे वाक्य मला वाचून दाखवलेस, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. ‘माझ्याकडे अकरा लाखांची ऑफर आहे, तुम्ही किती देऊ शकता?’ तुझ्या मैत्रिणीने ते सुचवले आणि बुधवारी अकरा वाजता हिंजवडीच्या कंपनीतून एचआरचा फोन आला आणि त्यांनी ‘तुमच्याकडे दुसरी ऑफर आहे का?’ असे विचारले की तू तेच म्हणणार होतीस. वास्तव तूच मला सांगितलेस. खराडीच्या कंपनीत दोन राउंड झाले आहेत, तिसरा शुक्रवारी आहे, आणि एका कन्सल्टंटशी एकदा फोनवर बोलणे झाले आहे. यात ऑफर कुठे आहे? ज्याचा कागद हातात आहे, त्यालाच ऑफर म्हणावे. बाकी सगळी बोलणी.

हा प्रश्न तुझी परीक्षा घेण्यासाठी आहे असे तुला वाटते, म्हणून तू घाबरतेस. मी पुढे बरीच वर्षे उमेदवार निवडणाऱ्यांच्या बाजूला बसले, त्यामुळे हा प्रश्न का विचारतात ते मला ठाऊक आहे. तुझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. त्या ६० दिवसांत तू दुसरीकडे निघून गेलीस, तर त्यांची जागा रिकामी राहते आणि सगळी शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शिवाय वरच्या पगाराला मंजुरी घ्यायची तर दोन-तीन जणांच्या सह्या लागतात, आणि त्यासाठी हातात किती दिवस आहेत हे एचआरला कळायला हवे असते. पगाराचा अंदाज घेणे हाही एक हेतू असतो, ते मी नाकारत नाही. परंतु प्रश्नाचा मोठा भाग ‘ही मुलगी येणार का, आणि केव्हापर्यंत ठरवणार’ एवढाच असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर पायरीने आणि तारखेने द्यावे, आकड्याने देऊ नये.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा एका कारखान्यात मला बोलावले होते. माझा पगार महिना नऊ हजार होता आणि मी बेधडक सांगितले की, मला दुसरीकडे चौदा हजार देत आहेत. समोरच्या गृहस्थांनी टेबलावरची वही बंद केली, पेनाचे टोपण लावले आणि अगदी मनापासून म्हणाले, “चौदा आमच्या चौकटीत बसत नाही. ती संधी सोडू नका, तुमचे अभिनंदन.” मी आभार मानून बाहेर आले. पुढे तिथेच काम करणाऱ्या एकाकडून कळले की, साडेअकरा हजारांपर्यंत देण्याची त्यांची तयारी होती. थाप पकडली जाईल अशी भीती तुला आहे. मला भीती वाटते ती थापेवर विश्वास ठेवला जाण्याची, कारण मग ‘जा, ती घ्या’ या वाक्यावर तुझ्याकडे काहीही उत्तर उरत नाही. आणि विश्वास नाही ठेवला, तर पुढचा प्रश्न येतो, ‘पत्र पाठवता का? त्यावर मुदत कोणत्या तारखेची आहे?’ तिथे एक खोटे झाकायला दुसरे बोलावे लागते.

मग काय म्हणायचे? मी तुझ्यासाठी उत्तर लिहून देते, ते स्वतःच्या शब्दांत बसव. ‘सध्या माझ्या हातात लेखी ऑफर नाही. एका ठिकाणी शेवटच्या टप्प्यातील मुलाखत या शुक्रवारी आहे आणि पुढच्या आठवड्याअखेर त्यांचा निर्णय कळेल असे त्यांनी सांगितले आहे. तुमच्याकडील कामात मला रस आहे, म्हणून तुमचा निर्णय साधारण कधी होईल हे कळले तर मला दोन्हीकडचे नीट जुळवता येईल.’ एवढे बोल आणि थांब. ‘पण’ लावून पुढे काही जोडू नकोस. गप्प राहणे तुला जड जाईल, कारण तुझ्या पिढीला शांतता म्हणजे नकार वाटतो. तसे नसते, समोरचा माणूस लिहून घेत असतो.

शुक्रवारची मुलाखत खरोखर शेवटची आहे का, हे मात्र त्यांना आधी विचारून घे. तुझा अंदाज आणि त्यांचे शब्द यांत फरक असेल, तर त्यांचे शब्दच सांगायचे.

कंपनीचे नाव विचारतील. ‘तिथली प्रक्रिया अजून चालू आहे, त्यामुळे नाव सांगणे योग्य होणार नाही’ हे उत्तर पूर्ण आहे, त्याला क्षमायाचना जोडू नकोस. त्यानंतर ‘आम्ही आज ऑफर दिली तर लगेच स्वीकाराल का?’ असे येऊ शकते, आणि इथे चांगली माणसे घसरतात. आकडा पाहण्याआधी ‘हो’ म्हटलेस की तुझी बाजू संपली. ‘फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे दाखवलेले लेखी पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत कळवते’ असे म्हण, आणि मग खरोखर दोन दिवसांत कळव.

तू विचारशील की, हातात काहीच नाही असे कबूल केल्यावर माझे वजन कशावर? मुली, तुझ्याकडे नोकरी आहे! सात लाखांची, चालू असलेली, जिथून तुला कोणी काढत नाही. हीच तुझी खरी दुसरी वाट आहे आणि तिचा कागद तुझ्या हातात आहे. साडेनऊ लाख फिक्स्ड मागायचे तर ते खराडीच्या नावावर मागू नकोस. बिलिंगच्या ज्या तपासण्यांना तुमच्या टीमला दोन दिवस लागत होते, त्या तू स्क्रिप्ट लिहून तीन तासांवर आणल्यास, त्या कामाच्या नावावर माग. हा आकडा उद्या खराडीने नकार दिला तरी तुला तसाच मागता येतो.

यजमान अजूनही म्हणतात की, नंतरच्या नोकरीत ‘ऑफर नाही’ असे स्पष्ट सांगून मी हजारभर रुपये कमी घेतले. घेतले असतील. त्या बोलण्यातले एकही वाक्य मला नंतर लक्षात ठेवावे लागले नाही, आणि वर्षभराने पगारवाढ मागताना त्याच साहेबांनी माझा शब्द तपासून पाहिला नाही. मी तो सौदा आजही तसाच करीन. ज्याचा कागद हातात, तीच ऑफर. हे मी तुला दहा वेळा सांगेन आणि तू कंटाळलीस तरी सांगेन.

खराडीचे पत्र खरोखर आले, तर त्याच दिवशी हिंजवडीला फोन कर. आता तो शब्द वापरायचा तुला हक्क आहे. ‘आज मला लेखी ऑफर मिळाली, उत्तर अमुक तारखेपर्यंत द्यायचे आहे, तुमचे त्याआधी कळू शकेल का?’ मुदत फार थोडी असेल, तर खराडीकडे तीन-चार दिवस वाढवून माग. मिळतीलच असे नाही, तरी विचारण्यात कमीपणा नाही. कन्सल्टंटलाही हेच सांग, कारण तू त्याला जे बोलशील ते तो पुढे पोहोचवतो, आणि दोन ठिकाणी दोन गोष्टी निघाल्या तर प्रश्न तुलाच विचारले जातील.

मोबाइलवरचे ते वाक्य आज रात्री पुसून टाक. बुधवारी फोन ठेवल्यावर कोणाला कोणती तारीख सांगितलीस ते लगेच वहीत लिही, आणि संध्याकाळी ती वही घेऊन ये.

तुझी,
ताई