१९९६ मिलेनियल आणि १९९७ जेन-झी, ही रेघ कोणी मारली?

माझा जन्म डिसेंबर १९९६चा, लातूरचा. वर्गातले निम्मे मित्र १९९७चे. मग आमच्या पिढ्या वेगळ्या कशा?

वेगळ्या नाहीत. ही रेघ अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राची. ११ सप्टेंबर २००१चा हल्ला आठवण्याइतकं वय हा तिथला एक निकष होता. तो लातूरला कशाला लागू व्हावा?

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८मध्येच मांडलं की एकाच काळातला जन्म ही फक्त शक्यता असते. घडत्या वयात, साधारण सतराच्या आसपास, तीच मोठी घटना वाट्याला आली तर पिढी बनते. आपल्याकडे १९७२चा दुष्काळ घ्या. तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा जो पोरगा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, त्याला मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकर आजही आठवते. त्याच वर्षी जन्मलेल्याला ती फक्त ऐकून माहीत. पण मधल्या वयाच्यांचं काय? सहा वर्षांच्या पोराला थोडं आठवतं, थोडं घरच्यांनी सांगितलेलं असतं. तिथे रेघ कुठेही मारा, कोणीतरी चुकीच्या बाजूला जाणारच.

शिवाय मोठ्या बागायतदाराच्या पोराचा दुष्काळ आणि मजुराच्या पोराचा दुष्काळ सारखा नव्हता. मानहाइम अशांना एकाच पिढीतले वेगळे गट म्हणतो, आणि जन्मसालाच्या तक्त्यात नेमके तेच दिसत नाहीत.