रूमचं भाडं हजाराने जास्त, तर क्लेममधून वीस हजार कसे गेले?

"बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नागपूरला झालं, आम्ही आर्वीकडचे. चार दिवसांचं बिल ८०,०००, कंपनीने दिले ६०,०००. रूम फक्त हजाराने महाग होती, मग वीस हजार कसे कापले?"

पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा बघा. विमा तीन लाखांचा आणि मर्यादा एक टक्का असेल, तर दिवसाला ३,००० मंजूर. रूम ४,००० ची घेतली, म्हणून कंपनीने सगळ्या बिलाचा पाऊण भाग दिलेला दिसतो. तो संपूर्ण बिलावर लावता येत नाही.

आता बिलाचे भाग पाडा. समजा रूम १६,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग ३२,०००, औषधं २२,०००, तपासण्या १०,०००. रूमचे १२,००० मिळतील. डॉक्टर-थिएटरचा पाऊण भाग २४,०००. पण औषधं आणि तपासण्यांना ही प्रमाणात कपात लागत नाही, २०२० पासून विमा नियामकाचा तसा नियम आहे. म्हणजे ६८,००० व्हायला हवेत, आठ हजार कमी आलेत. हातमोजे-डायपरसारख्या ज्या वस्तूंचे पैसे विम्यातून मिळत नाहीत, त्या मात्र औषधांतून वजा करून घ्या. आयसीयूच्या खर्चालाही ही कपात नाही, आणि रूमप्रमाणे दर न बदलणाऱ्या दवाखान्यात ती कुठेच लागत नाही.

खरी गडबड 'पॅकेज' अशा एकाच ओळीने होते. औषधं वेगळी दिसतच नाहीत, मग कंपनी सगळ्यावर कात्री चालवते. बिलिंग काउंटरवरून शिक्क्यासह फोड मागा आणि ती जोडून कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.