मुख्य निष्कर्षच बदलला, मॅडमना काय लिहू?

प्रश्न : मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या डेटावर काम करते. नोकरी करणाऱ्या आयांच्या मुलांत खुजेपणा कमी, हा माझा मुख्य निष्कर्ष मॅडमनी परिषदेत मांडलाय. प्रबंधासाठी विश्लेषण पुन्हा चालवलं, तर फरक जवळपास नाहीसाच झाला. उंची न मोजलेली मुलं माझ्या कोडमध्ये 'खुजी नाहीत' अशी धरली गेली होती. बाबा म्हणतात, फेलोशिप संपत आलीय, व्हायवा होईपर्यंत गप्प बस. मॅडमना ईमेल कसा लिहू? की हे सोडून नेट-सेटच्या मागे लागू?

उत्तर : कोडमधल्या चुकीपेक्षा मला बाबांचा सल्ला जास्त खटकला. त्यांना तुमची काळजी आहे, मान्य. पण आज जी चूक आहे, ती माहीत असूनही प्रबंधात गेली की लबाडी होते, आणि प्रबंधावर नाव तुमचं असतं, बाबांचं नाही. नेट-सेट द्यायची तर जरूर द्या, पण यातून पळवाट म्हणून नको.

तुम्ही ईमेलला कबुलीजबाब समजताय, तिथेच गडबड आहे. मॅडमना तुमचा पश्चात्ताप तपासता येणार नाही, आकडे तपासता येतील. समजा, नोकरदार आयांच्या १००० मुलांपैकी १०० घरी नव्हती, म्हणून मोजलीच गेली नाहीत, आणि ३६० खुजी निघाली. स्टाटा हे सॉफ्टवेअर रिकामी नोंद कुठल्याही संख्येपेक्षा मोठी मानतं, त्यामुळे ती १०० मुलं आपोआप 'धडधाकट' ठरली आणि प्रमाण आलं ३६ टक्के. खरं प्रमाण ९०० पैकी ३६०, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्या गटात फक्त १० मुलं मोजायची राहिली असतील, तर तिथे जेमतेम फरक पडतो. सगळा 'परिणाम' या रिकाम्या नोंदींचा. अशक्य मोजमापांना दिलेले ९९९६ पासून पुढचे संकेतांकही असेच निसटतात. दुरुस्ती एका ओळीची आहे, hw70 म्हणजे वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर, शंभराने गुणलेला :

```
gen stunted = hw70 < -200 if hw70 < 9996
```

पाठवण्याआधी एक काम करा. जुन्या फाइलमध्ये फक्त ही ओळ बदला, भारांक आणि बाकीचे चल जसेच्या तसे ठेवा. तेवढ्यानेच नवा आकडा आला, तर कारण हेच. नाही आला, तर आणखी काहीतरी बदललंय, ते आधी शोधा.

मग एवढंच लिहा :

"मॅडम, विश्लेषण पुन्हा चालवताना माझ्या कोडमध्ये चूक सापडली. न मोजलेली मुलं 'खुजी नाहीत' अशी धरली गेली होती. ती वगळल्यावर मुख्य फरक जवळपास उरत नाही. जुना व नवा तक्ता, दोन्ही फाइल्स आणि बदललेली ओळ सोबत जोडली आहे. परिषदेतला निष्कर्षही यामुळे बदलतो. या आठवड्यात भेटता येईल का?"

'फरक नाहीच' असं मात्र ठोकून देऊ नका. न मोजलेली मुलं मोजलेल्यांपेक्षा वेगळी असू शकतात, त्यांना वगळून तो प्रश्न मिटत नाही. दोन्ही गटांत किती मुलं मोजायची राहिली, हा तक्ता प्रबंधात हवाच.

आणि बाबांना हे मेल पाठवल्यावर सांगा, आधी नको.