भाजीपेटीची किंमत कशी पारखावी?

प्रश्न: शेतकऱ्याकडून दर आठवड्याला ५०० रुपयांची मिश्र भाजीपेटी घेते, ती परवडते की नाही, हे कसे ठरवावे?

उत्तर: पेटीतील जेवढी भाजी प्रत्यक्ष शिजली, तेवढ्याच भाजीची बाजारभावाने किंमत काढून ती ५०० रुपयांशी ताडून पाहावी. आमच्याकडे अशी पेटी येते. एका आठवड्याची भाजी म्हापशाच्या बाजारभावाने ४६० रुपयांची भरली, पण मुळ्याच्या दोन जुड्या आणि अर्धा दुधी वाया गेल्याने ६० रुपये वजा झाले. म्हणजे १०० रुपये ताजेपणासाठी आणि घरपोच सेवेसाठी गेले. तांबडी भाजी मात्र किलोवर न तोलता जुडीशी जुडी लावूनच पाहावी, कारण मुळांची माती आणि पाणी वजन फुगवतात. तिचा देठ वाकवताच कट्टकन मोडला, तर ती ताजी समजावी. नुसता लवला, तर जास्तीचे पैसे कशाचे, हे शेतकऱ्याला जरूर विचारावे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरील दराशी तुलना करू नये, कारण तिथे सरकारी अनुदान असते. पावसाळ्यात पालेभाजी सडते आणि पेटीत दोडकी, काकडी, भेंडी वाढतात, म्हणून त्या महिन्यांचा हिशेब वेगळा ठेवावा.